31 मार्च ते नोव्हेंबर: कोल्हापुरातल्या लहान कंपनीचं वार्षिक फायलिंग, पायरी पायरीनं

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात दरवर्षी काही भागीदारी फर्म प्रायव्हेट लिमिटेड होतात. मोठ्या ग्राहकाची अट असते किंवा बँकेचा आग्रह असतो. मशीन तीच, कामगार तेच, अकाउंटंटही तोच राहतो. पुढच्या एप्रिलमध्ये मात्र या अकाउंटंटच्या टेबलावर ‘आरओसीचं काम’ नावाचं एक नवं ओझं येतं आणि ते कुठून उचलायचं हे त्याला कुणी सांगत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे. नव्यानं लागलेल्या सीएस ट्रेनीलाही तो उपयोगी पडेल.

मी कंपनी सेक्रेटरी आहे आणि अशाच लहान कंपन्यांचं सचिवीय काम बघते. इथे फक्त वर्षातून एकदा होणारं फायलिंग घेतलं आहे. जीएसटी, पीएफ, फॅक्टरी अॅक्ट हे विषय वेगळे. उदाहरणाला एक मशीन शॉप घेऊ. शिरोलीत शेड, दोघे भाऊ संचालक, भागधारक तिघे: दोघे भाऊ आणि त्यांची आई. कंपनी होऊन तीन वर्षं झाली आहेत. नोंदीच्या वेळच्या गोष्टी, म्हणजे भागभांडवल बँकेत भरून 180 दिवसांत करायचं INC-20A, पहिल्या ऑडिटरची नेमणूक, शेअर सर्टिफिकेट, हे सगळं झालेलं आहे असं धरते. तुमच्याकडे यातलं काही राहिलं असेल तर आधी ते पूर्ण करा.

कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या कंपनी निबंधकांच्या, म्हणजे आरओसी पुणे यांच्या अखत्यारीत येतो. नेहमीचे फॉर्म mca.gov.in वर भरले जातात, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

पायरी 1: आधी हे गोळा करा

- दोन्ही संचालकांच्या डिजिटल सह्यांचे टोकन. मुदत संपलेली नाही ना आणि पोर्टलवर नोंद आहे ना, हे एप्रिलमध्येच बघा.
- 31 मार्चची भागधारकांची यादी, सदस्य नोंदवहीशी ताडून.
- कर्जाच्या सगळ्या खात्यांचे उतारे: बँक, संचालक, नातेवाईक, फर्म, ज्यांच्याकडून एक रुपयाही आला ते सगळे.
- मंडळाच्या सभांचं आणि सर्वसाधारण सभेचं मिनिट्स बुक.
- बँकेच्या तारणाची पोर्टलवरची यादी.
- नोंदणीकृत कार्यालयाचा बाहेरून काढलेला फोटो, नावाची पाटी वाचता येईल असा.

पाटीबद्दल थोडं सांगते. कायद्यानं कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता प्रत्येक कार्यालयाबाहेर लावावा लागतो आणि तो त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही असावा लागतो. म्हणजे शिरोलीत फक्त इंग्रजी पाटी चालत नाही, देवनागरी हवीच. पुष्कळ शेडवर अजून जुन्या फर्मचंच नाव असतं. आता वार्षिक विवरणपत्रासोबत कार्यालयाचा फोटो जोडावा लागतो, त्यामुळे ही चूक झाकून राहत नाही. पेंटरला जूनमध्येच सांगा.

पायरी 2: कर्जाचा उतारा एका बैठकीत वाचून काढा (मे)

नव्या माणसाला ही पायरी किरकोळ वाटते. माझ्या अनुभवात घरच्या कंपन्यांची सगळ्यात मोठी अडचण इथेच असते, म्हणून इथे सावकाश जाऊ.

30 जूनपर्यंत DPT-3 भरायचा असतो. 31 मार्चला कंपनीकडे दुसऱ्याचे किती पैसे आहेत आणि त्यातले किती ‘ठेव’ या व्याख्येत बसतात, हे त्यात सांगावं लागतं. आकडे ऑडिटरनं तपासलेले हवेत, म्हणून निदान कर्जाची खाती तरी मेमध्ये ऑडिटरसमोर ठेवा.

आपल्या मशीन शॉपच्या उताऱ्यात बँकेच्या कर्जाशिवाय तीन नोंदी निघाल्या. थोरल्या संचालकांचे 18 लाख, धाकट्यांच्या मेहुण्याचे 5 लाख आणि जुन्या भागीदारी फर्मकडून आलेले 4 लाख. अशा बैठकीत मला हमखास एक वाक्य ऐकू येतं: “मॅडम, मेहुण्याचे पैसे म्हणजे घरचेच की हो!” घरात ते खरंच आहे. कंपनी कायद्यात नाही.

थोरल्यांचे 18 लाख ठेव ठरत नाहीत, कारण ते संचालक आहेत. त्यासाठी एक अट आहे. हे पैसे मी कुणाकडून उसने घेऊन दिलेले नाहीत, असं लेखी निवेदन त्यांनी पैसे देतानाच कंपनीला द्यायचं असतं. इथे खोदून विचारा. पुष्कळदा संचालकानं घर तारण ठेवून पतसंस्थेतून कर्ज काढलेलं असतं आणि तीच रक्कम कंपनीत टाकलेली असते. तसं असेल तर ते निवेदन खोटं ठरतं आणि 18 लाख ठेवीत मोडतात. समोरचा सही करायला तयार आहे म्हणून कागद पुढे सरकवू नका. त्या तारखेच्या आसपासचा त्यांचा बँक उतारा मागा.

प्रायव्हेट कंपनीला संचालकाच्या नातेवाईकाकडूनही पैसे घेता येतात. निवेदन तिथेही लागतं आणि संचालक मंडळाच्या अहवालात त्याचा तपशील द्यावा लागतो. मात्र ‘नातेवाईक’ कोण हे कायद्यानं मोजून सांगितलं आहे: नवरा किंवा बायको, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, शिवाय एकाच हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य. यादी इथे संपते. बायकोचा भाऊ त्यात नाही, बहिणीचा नवरा नाही, साडू नाही. काका आणि चुलतभाऊ फक्त अविभक्त कुटुंबाचे सदस्य असतील तरच येतात. म्हणून मेहुण्याचे 5 लाख ही ठेव झाली, आणि लहान कंपनीला बाहेरच्या माणसाकडून ठेव घेता येत नाही.

फर्मच्या 4 लाखांची गंमत निराळी आहे. दुसऱ्या कंपनीकडून आलेलं कर्ज ठेवीतून वगळलेलं आहे, भागीदारी फर्मकडून आलेलं नाही. भागीदार तेच दोघे भाऊ असले तरी फर्म ही काही कंपनी नाही. फर्ममधून कंपनीत आलेल्यांकडून हे फार होतं, कारण दोन्ही खात्यांची चेकबुकं एकाच ड्रॉवरमध्ये असतात.

हे गंभीर किती? बेकायदा ठेवीसाठी कंपनीला किमान दंड 1 कोटी किंवा ठेवीच्या दुप्पट, यातली कमी असेल ती रक्कम. मेहुण्याच्या 5 लाखांवर तो 10 लाख होतो. जबाबदार अधिकाऱ्यांवरची कारवाई वेगळी, आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे.

आता काय करायचं? रक्कम बँकेतून परत करा आणि ते किती तारखेला केलं याची नोंद ठेवा. परत केल्यानं झालेली चूक पुसली जात नाही, पण ती वाढायची थांबते. ऑडिटरला तुम्ही स्वतःहून सांगा. फर्मचे 4 लाख फर्मला परत जावेत. भागीदारांनी ते भांडवल म्हणून काढून घेतले आणि स्वतःच्या नावानं कंपनीला दिले तर तो संचालकाचा स्वतःचा पैसा होतो. मेहुण्याला खरंच गुंतवणूक करायची असेल तर रीतसर शेअर देता येतात. पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर वाटप करावं लागतं, हे लक्षात ठेवा.

एक पळवाट मात्र सगळ्यांना सुचते, तिच्यापासून लांब राहा: मेहुण्यानं धाकट्या भावाला उसने द्यायचे आणि धाकट्यानं ते कंपनीत टाकायचे. मग वर सांगितलेलं निवेदनच खोटं होतं. रोख रकमेनं तर हे प्रकरण आणखी बिघडतं, कारण 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घेण्याला आयकर कायद्याची बंदी आहे.

पायरी 3: हिशेब, ऑडिट आणि तारखांचा क्रम (जून ते ऑगस्ट)

ऑडिटर काय तपासतात हे ते स्वतः सांगतीलच. तुम्ही दोन गोष्टी सांभाळा.

पहिली म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला बदलांचा माग. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक नोंद कधी, कुणी बदलली याचा लॉग राहतो आणि तो बंद करता येत नाही. तो वर्षभर चालू होता का, यावर ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. टॅलीची जुनी आवृत्ती तशीच चालवत असाल तर हा शेरा दरवर्षी येणार. मार्चमध्ये आवृत्ती बदलून मागचे अकरा महिने भरून निघत नाहीत, म्हणून बदल 1 एप्रिललाच करा.

दुसरी म्हणजे तारखांचा क्रम. आधी संचालक मंडळाची सभा होते, तिथे ताळेबंद मंजूर होतो, संचालक सह्या करतात आणि त्यानंतर ऑडिटर आपला अहवाल सही करून देतो. अहवालावर यूडीआयएन हा क्रमांक असतो आणि तो कधी काढला ही तारीख ऑनलाइन दिसते. अनेक ठिकाणी ताळेबंद सरळ ऑडिटरच्या ऑफिसात सही होतो आणि मंडळाच्या सभेचं मिनिट नंतर कधीतरी ‘बसवलं’ जातं. मग मिनिटात सभा 28 ऑगस्टची आणि ऑडिट अहवाल 20 ऑगस्टचा, असं दिसतं. दोन्ही तारखा सरकारकडे जातात. ही विसंगती पकडायला तपासणी अधिकारी लागत नाही, बँकेचा क्रेडिट ऑफिसरही ती पकडतो.

त्यामुळे मंडळाची सभा खरोखर भरवा. लहान कंपनीला कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत किमान एक सभा पुरते, फक्त दोघींमध्ये 90 दिवसांचं अंतर हवं. दोघे भाऊ शेडमध्ये रोज भेटतात, पण ती सभा होत नाही. सूचना, हजेरीची सही, ठराव आणि 30 दिवसांत मिनिट्स बुकात नोंद, एवढं झालं की सभा झाली. आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेत दोघांकडून आपले हितसंबंध सांगणारा MBP-1 घ्या. शेड वडिलांच्या नावावर असेल आणि कंपनी भाडं देत असेल, तर तो विषय इथे नोंदला जायलाच हवा.

‘लहान कंपनी’ भागभांडवल आणि उलाढाल या दोन आकड्यांवर ठरते आणि सरकार ही मर्यादा वेळोवेळी वाढवत आलं आहे. सवलत घेण्याआधी त्या वर्षीची मर्यादा पोर्टलवर बघून घ्या.

पायरी 4: वार्षिक सर्वसाधारण सभा

कायद्यानं शेवटची तारीख 30 सप्टेंबर. (कंपनीचं पहिलंच आर्थिक वर्ष असेल तर वर्ष संपल्यापासून नऊ महिने मिळतात.) माझा सल्ला: सभा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. आपल्याकडे नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला पाहुणे येतात, मग दसरा, मग दिवाळी. 30 सप्टेंबरला सभा घेतली की पुढच्या सगळ्या मुदती या सुट्ट्यांत अडकतात, आणि टोकन ज्यांच्याकडे आहे ते संचालक गावाला गेलेले असतात.

आपल्या मशीन शॉपची सभा 12 सप्टेंबरला धरू. सूचना पूर्ण 21 दिवस आधी जायला हवी आणि त्यात पाठवल्याचा दिवस व सभेचा दिवस मोजत नाहीत. म्हणून ई-मेलनं किंवा हातोहात द्यायची तर शेवटचा दिवस 21 ऑगस्ट. पोस्टानं पाठवलीत तर पोहोचण्यासाठी आणखी दोन दिवस धरायचे, म्हणजे 19 ऑगस्ट. उशीर झालाच तर किमान 95 टक्के मतदारांच्या लेखी संमतीनं कमी मुदतीची सूचना चालते. तिघांच्या घरच्या कंपनीत ती मिळते, पण आईंची सही राहून जाते. त्यांच्याकडे दहाच टक्के शेअर असले तरी ती सही नसेल तर 95 होत नाहीत.

सभा सकाळी 9 ते संध्याकाळी 6 मध्ये सुरू व्हावी, राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी नको, आणि नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच गावात घ्यावी. सभासदांपैकी किमान दोघे स्वतः हजर हवेत. विषय नेहमीचेच: हिशेब मंजूर करणं आणि ऑडिटरची पाच वर्षांची मुदत संपत असेल तर नवी नेमणूक.

पायरी 5: तीन फॉर्म, तीन मुदती

सभेच्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं. 12 सप्टेंबर धरून:

- ADT-1, ऑडिटरच्या नेमणुकीचा: 15 दिवस, म्हणजे 27 सप्टेंबर. नवी नेमणूक झाली असेल त्या वर्षीच.
- AOC-4, हिशेब आणि अहवालांचा: 30 दिवस, म्हणजे 12 ऑक्टोबर.
- MGT-7A, लहान कंपनीचं वार्षिक विवरणपत्र: 60 दिवस, म्हणजे 11 नोव्हेंबर.

AOC-4 आणि MGT-7A उशिरा भरला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये जादा लागतात आणि त्याला वरची मर्यादा नाही. सरकार कधी मुदत वाढवतं, पण त्या भरवशावर कॅलेंडर लावू नका.

MGT-7A मध्ये भागधारकांची स्थिती 31 मार्चची द्यायची असते. जुलैमध्ये शेअर हस्तांतरित झाले असतील तर ते पुढच्या वर्षी दिसतील. मंडळाच्या सभांच्या तारखा मिनिट्स बुकातून उचला, मागच्या वर्षीच्या फॉर्मवरून नको. भागभांडवलाचा आकडा दोन्ही फॉर्ममध्ये एकच हवा.

आता सगळ्यात महागात पडणारी गफलत. पोर्टलवर फॉर्म ऑनलाइन भरला की त्याची पीडीएफ उतरवायची, तिच्यावर डिजिटल सही करायची, ती परत अपलोड करायची आणि मग फी भरायची. फी भरल्याशिवाय फॉर्म दाखल होत नाही. सुरुवातीच्या काळात एका कंपनीचा MGT-7A मी सही करून अपलोड केला, त्या दिवशी बँकेचं पान अडकलं, आणि ‘उद्या बघू’ म्हणून उठले. पीडीएफवर सही दिसत होती, फाइलला लावलेला कागदही होता, त्यामुळे काम झालं असंच माझ्या डोक्यात बसलं. 15 जानेवारीला बँकेनं चलन मागितलं तेव्हा ते निघालंच नव्हतं. 11 नोव्हेंबरनंतर 65 दिवस झाले होते, म्हणजे 6,500 रुपये जादा. मालकांना ते सांगायला गेले तो दिवस मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी फाइलवर ‘झालं’ असं फक्त चलन हातात आल्यावर लिहिते. चलनावर एसआरएन क्रमांक आणि रक्कम असते. दोन दिवसांनी कंपनीच्या सार्वजनिक नोंदीत फॉर्म दिसतो का, तेही बघते.

पायरी 6: तारणाची नोंद वर्षभर लक्षात ठेवा

हे वार्षिक काम नाही, पण वार्षिक कामातच त्याची चूक सापडते. नवं सीएनसी मशीन कर्जावर घेतलं की बँकेचं तारण CHG-1 भरून 30 दिवसांत नोंदवावं लागतं. जादा फी भरून पुढे 30 दिवस आणि मग आणखी 60 दिवस मिळतात, पण शेवटच्या टप्प्यात फी चांगलीच चढते. बँक राष्ट्रीयीकृत असो की सहकारी, नियम एकच. कर्ज फिटलं की CHG-4 भरून तारण उतरवायचं. हे राहून गेलं की तीन वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज पोर्टलवर उभंच दिसतं आणि नवी बँक मंजुरी अडवते. म्हणून ऑगस्टमध्ये ताळेबंदातली कर्जं आणि पोर्टलवरची तारणाची यादी शेजारी ठेवून एक एक ओळ जुळवा.

पायरी 7: मागची वर्षं राहिली असतील तर

सलग तीन आर्थिक वर्षांचे हिशेब किंवा विवरणपत्रं दाखल झाली नाहीत तर त्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. त्यांना त्या कंपनीत पुन्हा आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीत नव्यानं नेमता येत नाही. तुम्ही नव्यानं रुजू झाला असाल तर पहिल्याच आठवड्यात पोर्टलवर कंपनीचं शेवटचं AOC-4 कुठल्या वर्षाचं आहे ते बघा. एक वर्ष राहिलं असेल तर आधी ते जुनं वर्ष भरा, मग चालू वर्ष. जादा फीचा आकडा काढून संचालकांना लेखी द्या, कारण तो रोज दोन फॉर्मचे मिळून 200 रुपयांनी वाढत असतो. एका वर्षाचं AOC-4 आणि MGT-7A दोन्ही 300 दिवस थकले असतील तर ते 60,000 होतात. हा आकडा कागदावर दिसला की टोकन घेऊन संचालक त्याच दिवशी ऑफिसात येतात.